लातूरच्या सोयाबीन भावाचा आलेख: रोजच्या बाजारभावाच्या पानावरून गटाची भाववही कशी उभी करावी

गटाच्या व्हॉट्सॲपवर संध्याकाळी कोणीतरी भाव टाकतो, "लातूर सोयाबीन ४,५५०". दुसऱ्या दिवशी गटातलाच एक जण ४,०५० ची पट्टी घेऊन परततो आणि आडत्यानं गळा कापला म्हणून सगळे हळहळतात. कधी ते खरंही असतं. पण ४,५५० हा त्या दिवशीचा कमाल दर होता का, तो किती कट्ट्यांना मिळाला, आणि आपल्या मालाला ओलावा किती होता, हे कळल्याशिवाय गळा कापला की नाही ते ठरवता येत नाही. या लेखात मी एवढंच दाखवणार आहे. रोजच्या भावाच्या पानावरून एक साधी नोंदवही करायची, तिचा आलेख काढायचा, आणि त्यावर गटाच्या स्वतःच्या पट्ट्या मांडायच्या. उद्याचा भाव यातून कळत नाही. आपला माल बाजाराच्या कुठल्या पायरीवर विकला जातो आणि का, ते मात्र चांगलं कळतं.

मी उदाहरण सोयाबीनचं आणि लातूर बाजाराचं घेतो, कारण औसा, रेणापूर, निलंगा या पट्ट्यातल्या बहुतेक गटांचा माल तिथंच जातो. तूर किंवा हरभऱ्याला हीच पद्धत चालते. फक्त सुरुवातीला एकच पीक आणि एकच बाजार घ्या. पाच पिकं आणि सहा बाजार घेऊन सुरू केलेल्या वह्या पंधरवड्यात बंद पडतात.

पान कोणतं आणि त्यातलं काय वाचायचं

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या msamb.com या संकेतस्थळावर राज्यातल्या बाजार समित्यांचे रोजचे दर येतात. केंद्र सरकारचं agmarknet.gov.in हे दुसरं ठिकाण. तिथं तारखेचा पल्ला देऊन मागचे दरही काढता येतात, त्यामुळे जुन्या हंगामांसाठी ते उपयोगी पडतं. रोजच्या नोंदीसाठी दोन्हीपैकी एकच धरा आणि हंगामभर तेच ठेवा. आज इथला आणि उद्या तिथला आकडा घेतला तर आलेखात दिसणारा चढउतार बाजारातला आहे की दोन पानांच्या भरण्यातल्या फरकाचा, हे नंतर सांगता येत नाही.

पानावर एका ओळीत बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असतात. दर क्विंटलचा असतो. आपल्याला आलेखासाठी हवा तो सर्वसाधारण दर, म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या भावाच्या आसपास गेला तो. कमाल दर कधी एखाद्या चांगल्या वाळलेल्या, चाळणी केलेल्या लॉटला मिळालेला असतो. किमान दर भिजलेल्या, डागी मालाचा असतो आणि ऑक्टोबरात पाऊस झाला की तो झपाट्यानं खाली जातो. तिन्ही लिहून ठेवायचे, पण रेषा सर्वसाधारण दराचीच काढायची.

इथं एक तपासणी सुरुवातीलाच करून घ्या. दहा-पंधरा दिवसांच्या ओळी समोर ठेवा आणि किमान व कमाल यांचा मध्य काढून पाहा. सर्वसाधारण दर रोजच्या रोज त्या मध्यावर बरोब्बर बसत असेल, तर तिथं मालाचा खरा कल नोंदवला जात नाही, कोणीतरी दोन आकड्यांची बेरीज करून निम्मे करतो आहे. अशा बाजाराचा सर्वसाधारण दर फार भरवशाचा नाही, कारण एकच भिजका लॉट किमान दर पाडतो आणि त्याबरोबर हा आकडाही पडतो. तसंच आवक आणि तिन्ही दर सलग तीन-चार दिवस तेच असतील तर कालची ओळ आज उतरवलेली आहे असं समजा. त्या दिवसांना शेरा द्या आणि दर कोरा ठेवा.

लातूर आणि लातूर-मुरूड या दोन वेगळ्या ओळी असतात, त्यांची सरमिसळ करू नका. एकाच बाजाराच्या एकाच दिवशी दोन जातींच्या ओळी आल्या, तर ज्या ओळीत बहुतेक आवक असते ती जात धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणारा पोटलीचा भाव किंवा प्लांटचा भाव या वहीत आणू नका. प्लांटचा भाव गेटवर पोचवलेल्या मालाचा असतो, ओलावा, माती आणि डागी यांच्या ठरलेल्या अटींवर असतो. तो बाजाराच्या सौद्याशेजारी ठेवून तुलना होत नाही.

शीट कशी मांडायची

गुगल शीट पुरेशी आहे, मोबाइलवर चालते आणि दोन-तीन जणांना एकाच वेळी उघडता येते. नवी शीट उघडल्यावर आधी File मधल्या Settings मध्ये जाऊन Locale ला India निवडा. हे राहिलं तर ०५/११ ही तारीख शीट ११ मे समजू शकते, आणि ते आठ-दहा दिवसांनी आलेख उलटसुलट झाल्यावरच लक्षात येतं.

पहिल्या टॅबचं नाव latur असं रोमन लिपीत ठेवा. सूत्र लिहिताना कीबोर्ड बदलत बसावं लागत नाही. स्तंभ असे: A तारीख, B आवक, C किमान, D कमाल, E सर्वसाधारण, F शेरा, G तपास. आकडे इंग्रजी अंकांत भरा आणि मागेपुढे "रु." किंवा "क्विं." लिहू नका. भरल्यावर आकडा घराच्या उजव्या कडेला गेला तर शीटनं तो आकडा म्हणून घेतला. डाव्या कडेला चिकटला तर तो तिच्या लेखी मजकूर आहे, आणि सरासरीत तो धरला जाणार नाही.

नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी करावी असं माझं मत आहे. सौदे, मापं, पट्ट्या झाल्यावर समितीकडून आकडे भरले जातात. दुपारी अर्धवट दिसलेली आवक संध्याकाळी वाढलेली असू शकते. सकाळी आदल्या दिवसाची ओळ निवांत उतरवून घेतली की काम तीन मिनिटांचं आहे. गटात दोघांनी वाटून घ्या आणि दोघांनाही सगळं येत असू द्या. राशीच्या दिवसांत एकटा माणूस हमखास अडकतो, आणि नेमक्या त्याच दिवसांची नोंद सगळ्यात मोलाची असते.

बाजार बंद असेल तर काय? रविवार, सण, हमाल-मापाड्यांचा बंद, मार्चअखेर, अशा दिवशी तारीख लिहा, दराची घरं कोरी ठेवा आणि शेऱ्यात कारण लिहा. शून्य लिहू नका आणि कालचा भाव पुढं ओढू नका. शून्य लिहिलं तर रेषा तळाला आपटते आणि सरासरी बिघडते. कालचा भाव ओढला तर जिथं सौदाच झाला नाही तिथं भाव स्थिर होता असं खोटं चित्र तयार होतं.

शेऱ्याचा स्तंभ लोक रिकामा सोडतात, पण दोन वर्षांनी सगळ्यात जास्त वाचला जातो तो हाच. "तीन दिवस पाऊस, माल ओला", "हमीभाव केंद्र सुरू", "सरकारनं आयात शुल्क बदललं" एवढंच लिहा. उदाहरणार्थ, १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. त्या तारखेला हा शेरा असेल तर पुढचे महिने आलेखात पाहून ठरवता येतं की त्याचा लातूरच्या भावावर काही असर दिसला का.

आता तपासाचा स्तंभ. पानावर टाइप करताना चुका होतात, आणि आपल्याकडूनही होतात: ४,२५० च्या जागी ४२५, नाहीतर किमान आणि सर्वसाधारण यांची अदलाबदल. पहिल्या दहा नोंदी डोळ्यांनीच पाहा. अकराव्या नोंदीपासून, म्हणजे बाराव्या ओळीपासून, G मध्ये हे सूत्र टाका आणि खाली ओढा:

```
=IF(COUNT(C12:E12)<3,"",IF(AND(C12<=E12,E12<=D12,ABS(E12/MEDIAN(E2:E11)-1)<0.1),"","तपासा"))
```

किमान, सर्वसाधारण, कमाल हा क्रम बरोबर आहे का आणि आजचा दर मागच्या दहा ओळींच्या मधल्या दरापासून दहा टक्क्यांपेक्षा लांब गेला का, एवढं ते पाहतं. "तपासा" आलं म्हणजे आकडा चुकीचाच, असं नाही. पान पुन्हा उघडा. पानावरही तोच आकडा असेल तर शेजारच्या दोन बाजारांचा त्याच दिवशीचा दर बघा. उदगीर आणि अंबाजोगाई जागेवर असताना एकटं लातूर एका दिवसात पाचशेनं उडालं, तर बहुधा टंकलेखनाची चूक आहे. तिघंही हलले असतील तर बाजारच हलला. चुकीची खात्री पटली तर दर कोरा ठेवा आणि पानावर काय होतं ते शेऱ्यात लिहा. अंदाजानं दुरुस्त केलेला आकडा भरू नका.

हे सगळं आपोआप व्हावं असं तरुण मुलांना वाटतं आणि ते IMPORTHTML वापरून बघतात. त्यात दोन अडचणी आहेत. पीक निवडल्यावर मगच तक्ता भरतो अशा पानावर या सूत्राला तक्ताच सापडत नाही. आणि सापडला तरी ते फक्त आजचा तक्ता दाखवतं. उद्या पान बदललं की शीटमधलेही आकडे बदलतात, इतिहास साठतच नाही. data.gov.in वर रोजचे दर संगणकाला वाचता येतील अशा रूपात मिळतात, त्यासाठी नोंदणी करून चावी घ्यावी लागते. गटात कोणाला प्रोग्रामिंग येत असेल तर ते जरूर करावं. पण एका पिकाच्या एका बाजारासाठी मी हातानंच भरतो. रोज ओळ उतरवणाऱ्याला आवक आणि भाव यांचं नातं आलेख पाहण्याआधीच जाणवायला लागतं.

आठवड्याची सरासरी: आवक धरूनच

रोजची रेषा फार दातेरी येते. गटाला दाखवायला आठवड्याची सरासरी बरी. पण ती साधी सरासरी नको. समजण्यासाठी आकडे घेऊ. एका आठवड्यात सोमवारी ९,००० क्विंटल माल ४,२०० नं गेला, मंगळवारी ८,००० क्विंटल ४,२५० नं, आणि सणाच्या आदल्या दिवशी फक्त १,००० क्विंटल आला आणि तो ४,५०० नं गेला. तीन दरांची साधी सरासरी ४,३१७ येते. आवकेचं वजन देऊन काढली तर ४,२३९. अठ्ठ्याहत्तर रुपयांचा हा फरक अशा एका दिवसामुळे पडला, ज्या दिवशी बाजारात मालच नव्हता. खरा आठवडा ४,२३९ चाच होता, कारण बहुतेक शेतकऱ्यांच्या हातात तोच भाव पडला.

दुसरा टॅब aathavda नावाचा करा. A2 मध्ये हंगामातल्या पहिल्या सोमवारची तारीख, A3 मध्ये `=A2+7` आणि खाली ओढा. B2 मध्ये:

```
=IFERROR(AVERAGE.WEIGHTED(
FILTER(latur!E:E,latur!A:A>=A2,latur!A:A<A2+7,latur!E:E>0),
FILTER(latur!B:B,latur!A:A>=A2,latur!A:A<A2+7,latur!E:E>0)))
```

संपूर्ण आठवडा बाजार बंद असेल तर घर कोरं राहतं, ते तसंच हवं. पण बाजार चालू असताना कोरं आलं, तर बाहेरचं IFERROR काढून बघा. बहुतेक वेळा कुठल्यातरी घरात आकड्याऐवजी मजकूर शिरलेला सापडतो. ज्या दिवशी दर आहे पण आवक नाही, त्या दिवसाचा दर या सरासरीत येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

C स्तंभात हमीभाव लिहा. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामाला ४,८९२ रुपये होता आणि २०२५-२६ ला ५,३२८. ही आडवी रेषा शेजारी असली की बाजार किती खाली चालला आहे ते एका नजरेत दिसतं. आता A ते C निवडून Insert मधून Chart घ्या आणि Line chart ठेवा. Customize मध्ये Plot null values ला खूण असेल तर काढून टाका, म्हणजे बंद आठवड्याच्या जागी रेषा तुटलेली दिसेल.

उभ्या अक्षाची किमान आणि कमाल मर्यादा तुम्ही स्वतः ठरवा, शीटवर सोडू नका. Vertical axis मध्ये Min ला 3500 आणि Max ला 5500 लिहा. शीटवर सोडलं तर शांत आठवड्यांत ती ४,२०० ते ४,२६० एवढाच पट्टा ताणून दाखवते, चाळीस रुपयांची घसरण कड्यासारखी दिसते, आणि घाबरून दोघं-तिघं माल बाहेर काढतात. मर्यादा कायम ठेवली की मागच्या शनिवारचं आणि या शनिवारचं चित्र एकाच मापाचं राहतं. याच कारणानं २०२१ चा हंगाम याच आलेखात घालू नका. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. तेवढं दाखवायला अक्ष वाढवला की यंदाचा सगळा हंगाम तळाशी एका सपाट रेषेत दबून जातो.

गटाच्या पट्ट्या

इथपर्यंतचा आलेख कुठल्याही गावात सारखाच येईल. तुमच्या गटाचा तो होतो पट्ट्यांमुळे. तिसरा टॅब patti. A तारीख, B सभासदाची खूण (नावाऐवजी क१, क२ अशी, म्हणजे कोणाला अवघड वाटत नाही), C वजन क्विंटलमध्ये, D पट्टीवरचा दर, E ओलावा टक्क्यांत, F समान दर, G फरक. सौद्याच्या वेळी मशीनवर किती ओलावा लागला ते पट्टीवर बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. त्यामुळे सभासदांना सांगून ठेवा, आकडा तिथंच विचारायचा आणि पट्टीच्या मागं पेनानं लिहायचा. मापाच्या आधी मशीनच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला तर आणखी बरं.

ओलाव्याचा आकडा एवढा महत्त्वाचा का, ते दोन पट्ट्यांवर पाहू. दर पुन्हा समजण्यासाठीच घेतले आहेत. दिवस एकच, पानावरचा सर्वसाधारण दर ४,२५०. क१ ला ४,०५० मिळाले, ओलावा १६. क२ ला ४,०२० मिळाले, ओलावा १२. वरवर पाहता दोघंही साधारण दोनशेनं खाली गेले, दोघांचं दुखणं एकच वाटतं.

आता दोघांचा माल १२ टक्के ओलाव्यावर आणू. १६ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये ८४ किलो कोरडा माल असतो आणि १२ टक्क्यांच्या क्विंटलमध्ये ८८ किलो. म्हणून समान दराचं सूत्र:

```
=D2*(100-12)/(100-E2)
```

क१ चा समान दर येतो ४,२४३. म्हणजे सर्वसाधारण दरापेक्षा फक्त सात रुपये कमी. त्याला व्यापाऱ्यानं पाण्याचे पैसे दिले नाहीत, बाकी भाव बाजाराप्रमाणेच दिला. त्यानं माल उन्हात घालून १२ वर आणला असता तर एका क्विंटलचे ९५ किलो ४५० ग्रॅम राहिले असते आणि ४,२५० नं त्याचे ४,०५७ रुपये आले असते. सात रुपयांसाठी वाळवण, मजुरी आणि पावसाची धास्ती. त्या दिवशी ओला विकला हेच बरोबर झालं. पण १६ ओलाव्याला दर ३,८५० च निघाला असता, तर वाळवण्यात क्विंटलमागं दोनशे सात रुपये होते आणि दोन दिवसांचं ऊन सोडण्यात अर्थ नव्हता. हा निर्णय त्या दिवशी खळ्यावर बसून घेता येतो, फक्त दोन आकडे हातात हवेत.

क२ चं प्रकरण वेगळं आहे. त्याचा माल कोरडा होता, समान दर ४,०२० च राहतो आणि दोनशे तीस रुपयांची तूट तशीच उरते. इथं ओलावा कारण नाही. मग विचारायचं: माती-काडीकचरा किती होता, डागी दाणे किती, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवल्यानं दाणा फुटला होता का, की सौदा उशिरा झाला. क२ च्या दोन-तीन पट्ट्यांत अशीच तूट दिसली, तर पुढच्या खेपेला माल चाळणीतून काढून पाठवायचा आणि फरक बघायचा. चाळूनही तूट कायम राहिली आणि त्याच आडतीवर गेलेल्या इतरांचीही तशीच असेल, तर मग आडत बदलून पाहण्याची वेळ आली. असा मुद्दा आडत्यासमोर चार पट्ट्या आणि चार तारखांचे पानावरचे दर ठेवून मांडला की तो ऐकून घ्यावाच लागतो.

फरक काढायला G मध्ये:

```
=F2-VLOOKUP(A2,latur!A:E,5,FALSE)
```

या हिशोबाला एक मर्यादा आहे. पानावर ओलावा दिलेला नसतो. सर्वसाधारण दर कोरड्या मालाचा आहे असं आपण धरतो, पण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बाजारात येणारा बहुतेक माल ओलाच असतो आणि त्यामुळे पानावरचा दरही ओल्या मालाचाच असतो. त्या काळात समान दर पानापेक्षा वर दिसला तर हुरळून जाऊ नका. दिवाळीनंतर माल कोरडा यायला लागला की ही तुलना नीट बसते. म्हणून फरकाचा आकडा एकट्या दिवसावरून न वाचता, त्याच आठवड्यातल्या गटाच्या बाकी पट्ट्यांशेजारी ठेवून वाचा.

हमीभाव केंद्रासाठीही हाच स्तंभ कामाला येतो. सोयाबीन खरेदीला ओलाव्याची अट १२ टक्के असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं त्या हंगामापुरती ती १५ पर्यंत सैल केली होती. केंद्रावर माल नेण्याआधी गटात कोणाचा माल किती ओलाव्यावर आहे हे शीटमध्ये दिसलं, तर गाडीभाडं भरून परत येण्याची पाळी टळते.

पट्ट्यांची आठवड्याची सरासरी aathavda टॅबच्या D स्तंभात आणायची. वरचंच सूत्र, फक्त latur च्या जागी patti, E:E च्या जागी F:F आणि B:B च्या जागी C:C. आलेखाची निवड D पर्यंत वाढवा. Series मध्ये या स्तंभाची रेषा अगदी बारीक आणि Point size मोठा करा, म्हणजे बाजाराच्या रेषेभोवती गटाचे ठिपके दिसतील. ठिपके रेषेच्या खाली सतत सारख्याच अंतरावर असतील तर ते अंतर आपल्या मालाच्या प्रतीचं आहे. ते कधी वर, कधी खाली असतील तर विकण्याच्या दिवसाचं आणि सौद्याचं.

माल ठेवावा का, या प्रश्नापुरता आलेख

दिवाळीनंतर गटात हाच प्रश्न असतो. आलेखाकडे बघून "मार्चात वाढेल" म्हणणारे असतात, त्यांना आधी ठेवण्याचा खर्च मांडायला सांगा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीकडे सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजानं. भाव ४,२०० धरला तर क्विंटलमागं ३,१५० रुपये हातात येतात आणि १८० दिवसांचं व्याज सुमारे ९३ रुपये होतं. गोदामापर्यंतची हमाली, वाहतूक आणि वाळून होणारी घट तुमच्या गावच्या दरानं त्यात मिळवा. ओलावा १२ वरून १० वर आला तर क्विंटलमागं सव्वादोन किलो वजन जातं, म्हणजे याच भावानं साधारण ९३ रुपये. नुसतं व्याज आणि घट मिळून पावणेदोनशेच्या वर गेली. भाव त्याहून जास्त वाढला तरच ठेवण्यात पैसा आहे.

मग ॲगमार्कनेटवरून मागच्या पाच-सहा हंगामांचे ऑक्टोबर ते एप्रिलचे लातूरचे दर काढा आणि वेगळ्या टॅबमध्ये प्रत्येक हंगामाला एक स्तंभ द्या. रुपयांऐवजी प्रत्येक हंगामाचा नोव्हेंबरचा सरासरी दर १०० धरून बाकी महिने त्याच्या प्रमाणात लिहा, म्हणजे महागाचे आणि स्वस्ताचे हंगाम एकाच चित्रात शेजारी बसतात. किती हंगामांत मार्च हा १०५ च्या वर गेला ते मोजा. सहातल्या दोनच वेळा गेला असेल तर सगळा माल ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. फार तर एक हिस्सा ठेवावा. अशा मोजणीचा जोर तेवढाच असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये दहा हजारांवर गेलेला भाव नवा माल बाजारात येईपर्यंत जवळपास निम्म्यावर आला. त्याच ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली होती. असले निर्णय मागच्या कुठल्याही रेषेत आधी दिसत नाहीत.

गटाला मात्र हे सगळं दाखवू नका. शनिवारी संध्याकाळी आलेखाचं एक चित्र आणि खाली तीन ओळी टाका: या आठवड्याचा आवकेनुसार दर आणि मागच्या आठवड्यापेक्षा फरक, गटाच्या पट्ट्यांचा समान दर आणि किती पट्ट्यांवरून काढला ती संख्या, आणि शेऱ्यातली एखादी मोठी गोष्ट. पट्ट्या दोनच आल्या असतील तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे उरलेल्यांना आपली पट्टी पाठवायची राहिली आहे हे कळतं. शीटचा दुवा सगळ्यांना द्यायचा, पण फक्त बघण्यापुरता. भरण्याची मुभा नोंद करणाऱ्या दोघांनाच, आणि महिन्याच्या शेवटी शीटची एक प्रत तिसऱ्याच कोणाच्या तरी खात्यात उतरवून ठेवायची.